बचावाचा सूर काढताना: तक्रारीच्या एका उत्तराची दुरुस्ती

तक्रार विभागात नव्याने आलेल्या माणसाचे पहिले उत्तर बहुधा खुलाशासारखे उतरते. ग्राहकाने आरोप केलेला असतो, लिहिणाऱ्याला तो स्वतःवरच झाल्यासारखा वाटतो, आणि मग हाताला येईल ती अट, नियम, सबब पुढे करून तो परतवण्यातच सगळा मजकूर खर्ची पडतो. असा मसुदा वरिष्ठांकडून "जरा सौम्य करा" असा शेरा घेऊन परत येतो. नवखा माणूस मग त्यात दोन ठिकाणी "क्षमस्व" आणि एका ठिकाणी "आपल्या भावना आम्ही समजू शकतो" घालतो. उत्तर सौम्य होत नाही, नुसते लांबते.

ही दुरुस्ती शब्द बदलून होत नाही. तिचा क्रम असतो, आणि तो दाखवण्यासाठी एकच प्रकरण इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतले आहे. प्रकरण कल्पित असले तरी त्यातला प्रत्येक सांधा माझ्या टेबलावरून वेगवेगळ्या वेळी गेलेला आहे.

एका बाईंनी कामासाठी खुर्ची मागवली. परत करण्याची मुदत १५ दिवसांची आणि सुट्या भागांची हमी एक वर्षाची. खुर्ची मिळाल्याच्या ३४व्या दिवशी त्यांचा मेल आला. त्याचा आशय असा: पहिल्या आठवड्यापासूनच बैठक आपोआप खाली जाते, सकाळी टेबलाला बरोबर लावली तर दुपारपर्यंत चार बोटे खाली गेलेली असते, दोनदा लिहिले, पण "आपली तक्रार नोंदवली आहे" या आपोआप येणाऱ्या ओळीपलीकडे काही आले नाही, दोन उशा ठेवून काम करते आहे, पाठ दुखू लागल्यामुळे चार वेळा फिजिओथेरपीला जावे लागले. मागण्या दोन होत्या. खुर्चीचे पूर्ण पैसे परत हवेत आणि उपचाराचा खर्चही हवा. शेवटी, हे झाले नाही तर सगळीकडे लिहीन, असा इशारा होता.

त्यावर तयार झालेला मसुदा असा होता:

> महोदया, आपला मेल मिळाला. सर्वप्रथम आम्ही स्पष्ट करू इच्छितो की, आमची प्रत्येक खुर्ची पाठवण्यापूर्वी काटेकोरपणे तपासली जाते. आपण खुर्ची ३४ दिवस वापरल्यानंतर परत करू इच्छिता, मात्र परतीची मुदत १५ दिवसांचीच आहे आणि ही अट पावतीवर छापलेली होतीच. खुर्चीवर मर्यादेपेक्षा अधिक वजन पडले असावे किंवा तिची जोडणी चुकीची झाली असावी. आपल्या मागील मेलना उत्तर देण्यात आले नसल्यास क्षमस्व, परंतु त्या काळात आमच्याकडे कामाचा मोठा ताण होता. पाठदुखीचा खुर्चीशी संबंध असल्याचे कुठेही सिद्ध होत नाही. तरीही आपली गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. याबाबत काय करता येईल ते पाहून लवकरात लवकर कळवण्यात येईल.

यात एकही शब्द उद्धट नाही. तरीही हे वाचून बाईंचा पारा चढणार यात शंका नाही, आणि तो नेमका कुठे चढणार हे ओळीवर बोट ठेवून सांगता आले पाहिजे.

पहिली पायरी: मसुदा बाजूला ठेवून नोंदी काढणे

मसुद्याला हात लावण्याआधी तक्रार पुन्हा वाचावी आणि कागदावर तीन गोष्टी वेगवेगळ्या उतरवाव्यात: ग्राहकाच्या म्हणण्यानुसार काय घडले, त्याला काय हवे आहे, आणि त्याला कशाने दुखावले आहे. तिसरी गोष्ट बहुतेकदा पहिलीपेक्षा वेगळी निघते. इथे घडलेली गोष्ट खुर्चीच्या बिघाडाची आहे, परंतु दुखावणारी गोष्ट म्हणजे दोनदा लिहूनही कोणी दखल घेतली नाही. बिघाड कोणत्याही खुर्चीत होऊ शकतो, हे बाईंनाही कळते; मसुदा मात्र सगळी ताकद खुर्ची निर्दोष असल्याचे सांगण्यात घालवतो.

त्यानंतर घडलेल्या गोष्टींत जे जे नोंदींवरून तपासता येईल ते तपासून तारखा लावाव्यात. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि नवखी माणसे हटकून हीच गाळतात. आपल्या प्रकरणात नोंदी उघडल्यावर दिसले ते असे: खुर्ची पोहोचल्यानंतर ९व्या दिवशी पहिला मेल, २१व्या दिवशी दुसरा, ३४व्या दिवशी तिसरा. पहिला मेल एका सहकाऱ्याच्या नावावर टाकला गेला आणि तो रजेवर गेल्यामुळे तसाच पडून राहिला. दुसरा मेल "आधीच्या तक्रारीशी जोडला" असा शेरा मारून बंद केला गेला.

म्हणजे मसुद्याचा पायाच निसटला. बाईंनी ३४व्या दिवशी नव्हे, ९व्या दिवशी कळवले होते. मुदत संपली ती आमच्या टेबलावर. जी अट पुढे करून मसुदा ठाम होऊ पाहत होता ती अट बाईंच्याच बाजूची निघाली. हा मसुदा नुसता सौम्य करून पाठवला असता, तर एक चुकीचा नकार गोड भाषेत गेला असता. पुढच्याच मेलमध्ये बाईंनी ९व्या दिवसाच्या मेलची प्रत जोडली असती, आणि मग माघार घेण्यावाचून गत्यंतर उरले नसते.

नोंदी नेहमीच ग्राहकाच्या बाजूने बोलतात असे नाही. ९व्या दिवशीचा मेल सापडलाच नसता, तर परतीला नकार देणे योग्य ठरले असते आणि हमीत गॅस लिफ्ट, म्हणजे बैठक वर-खाली करणारा आणि गळती लागली की बैठक हळूहळू खाली सोडणारा तो दांडा, विनामूल्य बदलून देण्यापुरते उत्तर राहिले असते. निर्णय कोणताही असो, तो नोंदी पाहिल्यानंतरचा असावा.

दुसरी पायरी: काय देणार आणि काय नाही, हे भाषेआधी ठरवणे

निर्णय न घेता लिहायला बसले की भाषा आपोआप धूसर होते. "काय करता येईल ते पाहून कळवण्यात येईल" हे वाक्य सभ्यतेतून आलेले नाही; लिहिणाऱ्याला काय करायचे ते ठाऊक नाही, म्हणून ते आले आहे. म्हणून कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहाव्यात. देणार: खुर्ची परत घेऊन पूर्ण किंमत आणि पोहोचवण्याचा खर्च. नाही देणार: फिजिओथेरपीचा खर्च.

दुसऱ्या ओळीपाशी थांबले पाहिजे. शरीराला झालेल्या इजेची किंवा उपचारांची मागणी असेल तर तिचे उत्तर तक्रार विभागातल्या माणसाने स्वतःच्या अखत्यारीत देऊ नये. वरिष्ठांना आणि, संस्थेत कायदेशीर सल्ल्याची सोय असेल तर, तिथेही मसुदा दाखवावा. कारण अशा जागी "आमच्या खुर्चीमुळे आपल्याला त्रास झाला" असे भाबडेपणाने लिहिणे जितके अंगाशी येऊ शकते, तितकेच "आपल्या पाठदुखीचा खुर्चीशी काही संबंध नाही" असे लिहिणेही येऊ शकते. पहिले वाक्य कारण मान्य करते, दुसरे नाकारते, आणि दोन्हींसाठी लागणारे ज्ञान आपल्याकडे नाही. आपल्याला सांगायचा असतो तो निर्णय, निदान नव्हे. आपल्या प्रकरणात वरिष्ठांनी खर्च न देण्याचा निर्णय कायम केला, असे धरून पुढे जाऊ.

तिसरी पायरी: मसुद्यावर पेन्सिल चालवणे

आता मूळ मसुदा समोर घेऊन त्यातल्या बचावाच्या जागा अधोरेखित कराव्यात. मराठीत हा बचाव मोठ्या शब्दांत क्वचितच असतो. तो बारीक अव्ययांत आणि क्रियापदांच्या शेपटांत लपतो, म्हणूनच लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत नाही.

सगळ्यांत लहान गुन्हेगार म्हणजे "च". "मुदत १५ दिवसांचीच आहे", "अट छापलेली होतीच" या दोन "च"मध्ये "तुम्ही वाचले नाहीत त्याला आम्ही काय करणार" हे अख्खे वाक्य बसलेले आहे. "मुळात", "खरे तर", "सर्वप्रथम आम्ही स्पष्ट करू इच्छितो की" ही त्याचीच मोठी भावंडे. हे शब्द काढून वाक्य पुन्हा वाचावे. वस्तुस्थिती तशीच राहते आणि टोमणा गळून पडतो.

दुसरी जागा "असावे"ची. "अधिक वजन पडले असावे", "जोडणी चुकीची झाली असावी" यांत कोणतीही माहिती नाही. खुर्ची कोणी पाहिलेली नाही. हा निव्वळ तर्क आहे, आणि तो ग्राहकाकडे बोट दाखवणारा आहे. वजनाचा उल्लेख तर विशेष झोंबणारा. तपासल्याशिवाय "असावे" लिहायचे नाही, हा नियम मी कोणालाही सूट न देता पाळायला लावते. कारण विचारायचेच असेल तर सरळ प्रश्न विचारावा: "बैठक खाली जाते तेव्हा खुर्चीवर कोणी बसलेले असते का, की रिकामी असतानाही ती जाते?" हा प्रश्न दुरुस्ती करणाऱ्याच्याही उपयोगाचा असतो.

तिसरी जागा "असल्यास"ची. "उत्तर देण्यात आले नसल्यास क्षमस्व", "गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत" ही माफी अटीवर दिलेली आहे. बाईंनी दोनदा लिहिलेले आहे, नोंदी आपल्यासमोर आहेत, तरीही "नसल्यास" म्हणणे म्हणजे त्यांच्या म्हणण्यावर शंका घेणे. घडले आहे हे ठाऊक असेल तर "असल्यास" काढावे. घडले की नाही हे ठाऊक नसेल तर माफीची घाई न करता आधी शोध घ्यावा.

याच वाक्यात "देण्यात आले" हा कर्त्याला गायब करणारा प्रयोगही आहे. कार्यालयीन मराठीला "ण्यात येते"ची इतकी सवय झाली आहे की "आम्ही उत्तर दिले नाही" हे चार शब्द लिहिताना हात अडखळतो. एक पडताळणी सोपी आहे: चांगल्या गोष्टींत "आम्ही" आहे आणि चुकीच्या गोष्टींत तो नाहीसा झाला आहे का, ते पाहावे. मूळ मसुद्यात "आम्ही स्पष्ट करू इच्छितो" आहे, पण मेलना उत्तर कोणी दिले नाही याचा पत्ता नाही.

आणि शेवटी "परंतु". माफीनंतर "परंतु" आला की वाचणारा माफी विसरतो आणि परंतुनंतरचेच लक्षात ठेवतो. कामाचा ताण खरा असेलही, पण तो आमचा आहे. बाईंच्या खुर्चीशी त्याचे नाते नाही. कारण सांगायचेच झाले तर ते ग्राहकाला पुढे उपयोगी पडणारे असावे. उदाहरणार्थ, "आपले मेल एकाच सहकाऱ्याकडे जात होते, आता हे प्रकरण मी स्वतः पाहत आहे" यातून निदान पुढचा मेल कोणाकडे पोहोचेल ते कळते.

चौथी पायरी: सहानुभूती तपशिलातून आणणे

"आपल्या भावना आम्ही पूर्णपणे समजू शकतो" हे वाक्य मी सरसकट कापते. ते खोटे असते म्हणून नव्हे; ते कोणत्याही तक्रारीला चालते म्हणून. ग्राहकाला आपले म्हणणे कोणी वाचले आहे याची खूण हवी असते, आणि ती खूण त्याच्याच मेलमधल्या एखाद्या बारीक तपशिलातून पटते. इथे तो तपशील म्हणजे दोन उशा. "खाली जाणाऱ्या बैठकीवर उशा ठेवून इतके दिवस काम करावे लागले" एवढे लिहिले की मेल वाचला गेला हे सिद्ध होते आणि भावनांवर भाष्य करण्याची गरज उरत नाही.

प्रमाण मात्र राखावे. एक तपशील, एक वाक्य. चार बोटे, दुपार, उशा, पाठ असे सगळेच परत ऐकवले तर ते नक्कल केल्यासारखे वाटते. पाठदुखीचा उल्लेख करताना तर आणखी जपून: "आपल्याला उपचार घ्यावे लागले हे वाचून वाईट वाटले" इथवर माणुसकी पोहोचते आणि कारणाविषयी काही कबूलही होत नाही.

माफी कशाची मागायची हेही नेमके ठरवावे. "झालेल्या गैरसोयीबद्दल" ही माफी कोणत्याच चुकीवर बसत नाही. आमची निश्चित चूक एकच आहे, दोन मेलना उत्तर न देणे, आणि माफी तिच्याबद्दल, एकदाच, पूर्ण वाक्यात मागावी. पत्रात तीन ठिकाणी क्षमा मागितली की प्रत्येकीची किंमत कमी होते, आणि त्यानंतर येणारा नकार दुबळा भासतो.

पाचवी पायरी: नकाराचे वाक्य

उत्तराचा सर्वांत अवघड भाग हा आहे आणि इथेच बहुतेक जण एक तर दगड होतात किंवा मेण.

मेण झालेल्या वाक्याचे उदाहरण माझ्या स्वतःच्या खात्यावर आहे. नवी असताना एका ग्राहकाने नुकसानभरपाई मागितली. ती देता येणार नाही हे मला माहीत होते, पण तसे लिहायचे धाडस होईना, म्हणून मी लिहिले, "आपल्या मागणीचा आम्ही नक्की सहानुभूतीपूर्वक विचार करू." त्या ग्राहकाने पुढचे तीन महिने प्रत्येक मेलमध्ये माझे तेच वाक्य अवतरणात टाकून "विचार झाला का?" असे विचारले. त्याचे काही चुकले नाही. मी आशा दिली होती आणि ती नकारापेक्षा महाग पडली.

"कठीण आहे", "शक्यतो", "प्रयत्न करू", "सध्या तरी" हे शब्द बोलण्यात नकाराचा अर्थ देतात, पण लिहिल्यावर त्यांचा अर्थ "अजून जोर लावा" असा होतो. "सध्या तरी देता येणार नाही" वाचल्यावर कोणीही पुढच्या महिन्यात पुन्हा विचारील. दुसऱ्या टोकाला "आपली मागणी अमान्य करण्यात येत आहे" हे दगडी वाक्य आहे. ते स्पष्ट आहे, पण माणूस माणसाशी असे बोलत नाही.

मधले वाक्य साधे असते: "फिजिओथेरपीचा खर्च आम्ही देणार नाही." हे फारच तुटक वाटेल अशा जागी "देऊ शकणार नाही" चालते, मात्र तेव्हा खरोखरच देणे आपल्या हातात नसावे. देता येत असून न देण्याचा निर्णय घेतला असेल, तर "शकत नाही"मधली लाचारी ग्राहकाला लगेच ओळखू येते.

नकाराला कारण एकच द्यावे. दोन-तीन कारणे दिली की ग्राहक सर्वांत कच्चे कारण उचलतो, ते खोडून काढतो आणि त्याच्यासोबत नकारही खोडला गेला असे समजतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरही असते. कारण आपल्या बाजूचे असावे, म्हणजे आम्ही काय देतो आणि काय देत नाही याविषयीचे. ग्राहकाच्या वागण्याविषयीचे किंवा त्याच्या प्रामाणिकपणाविषयीचे नसावे. आणि नकारानंतर पुढचा मार्ग सांगावा: निर्णय मान्य नसेल तर तो कोणाकडे नेता येईल. हा मार्ग सांगितल्याने नकार ढिला होत नाही. उलट, आपण तो लपवत नाही हे दिसते.

"सगळीकडे लिहीन" या इशाऱ्याला उत्तर द्यायचे नाही. त्याला घाबरून काही देऊ केले तर इशाऱ्याने काम होते असा धडा जातो, आणि "असे करणे योग्य नव्हे" असे सुनावले तर तेच वाक्य सगळीकडे जाते. लिहिताना फक्त एवढे धरून चालावे की हे उत्तर उद्या तिसऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येणार आहे.

सहावी पायरी: पुन्हा लिहिणे

जुना मसुदा दुरुस्त करत बसू नये; कोऱ्या पानावर लिहावे. क्रम असा ठेवावा की आधी ग्राहकाची हकीकत आणि आपली चूक, मग जे देणार ते तारखेसह, त्यानंतर नकार, आणि शेवटी संपर्क. देण्याआधी नकार लिहिला की पुढचे देणे वाचलेच जात नाही. मात्र नकार पार शेवटच्या ओळीत, सहीच्या अंगाशी दडवूनही ठेवू नये.

> नमस्कार,
>
> खुर्चीची बैठक आपोआप खाली जाते हे आपण खुर्ची मिळाल्याच्या ९व्या दिवशी आम्हांला कळवले होते आणि २१व्या दिवशी पुन्हा लिहिले होते. दोन्ही मेल आमच्याकडे पोहोचले होते आणि आम्ही एकालाही उत्तर दिले नाही. ही आमची चूक आहे आणि तिच्याबद्दल मी आपली माफी मागते. खाली जाणाऱ्या बैठकीवर उशा ठेवून इतके दिवस काम करावे लागले, ते पहिल्याच मेलला उत्तर दिले असते तर टळले असते.
>
> आपण परतीच्या मुदतीत कळवले असल्यामुळे खुर्ची आम्ही परत घेत आहोत. येत्या गुरुवारी सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत आमचा माणूस ती घेऊन जाईल. खुर्ची सुटी करण्याची किंवा मूळ खोक्यात भरण्याची गरज नाही. ती आमच्याकडे पोहोचल्यापासून कामकाजाच्या ५ दिवसांत तिची पूर्ण किंमत आणि पोहोचवण्याचा खर्च, आपण ज्या खात्यातून पैसे भरले होते त्याच खात्यात जमा होईल. गुरुवार सोयीचा नसल्यास आपल्याला चालेल तो दिवस कळवावा.
>
> आपल्याला उपचार घ्यावे लागले हे वाचून वाईट वाटले. फिजिओथेरपीचा खर्च मात्र आम्ही देणार नाही. वस्तू परत घेताना आम्ही तिची किंमत आणि ती पोहोचवण्याचा खर्च परत करतो. त्यापलीकडचे खर्च देत नाही. हा निर्णय वरिष्ठांशी बोलून घेतलेला आहे. तो आपल्याला मान्य नसल्यास आमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लिहिता येईल. त्यांचा पत्ता खाली दिला आहे.
>
> यापुढे हे प्रकरण मी स्वतः पाहत आहे. या मेलला दिलेले उत्तर थेट माझ्याकडे येईल.

या उत्तरात १५ दिवसांची अट आहे, पण ती आता ग्राहकाच्या बाजूने वापरलेली आहे. तपासणी काटेकोर असते हे वाक्य गेले, कारण बिघडलेली खुर्ची समोर असताना त्याला कोणी विचारत नाही. "लवकरात लवकर"च्या जागी गुरुवार आणि ५ दिवस आले. इथे एक सावधगिरी हवी: गुरुवार लिहिण्याआधी खुर्ची उचलणाऱ्या विभागाला विचारून घ्यावे. पाळली न गेलेली तारीख ही तारीख न देण्यापेक्षा वाईट, आणि या बाईंच्या बाबतीत तर ती तिसरी उपेक्षा ठरली असती.

"मात्र" हा शब्द मी नकारात जाणूनबुजून ठेवला आहे. माफीनंतरचा "परंतु" माफी पुसतो असे वर म्हटले. इथे "मात्र" माफीनंतर आलेला नाही, तो दिलासा आणि नकार यांच्यामधली सीमा दाखवतो. काहींना तोही खटकतो. तो काढला तरी वाक्य उभे राहते.

"आपण" या शब्दाकडेही एकदा नजर टाकावी. मराठीत तो समोरच्याला आदराने उद्देशून येतो, तसाच "तुम्ही आणि आम्ही मिळून" या अर्थानेही येतो. "आपण यातून मार्ग काढू" असे लिहिले तर मार्ग कोण काढणार, हे वाचणाऱ्याला कळत नाही. काम आमचे असेल तर "आम्ही" लिहावे.

सातवी पायरी: पाठवण्याआधीचे वाचन

उत्तर मोठ्याने वाचावे, आणि शक्य असल्यास प्रकरण ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याला वाचायला देऊन त्याला तीनच प्रश्न विचारावेत: काय मिळणार आहे, कधी मिळणार आहे, आणि काय मिळणार नाही. तिन्हींची उत्तरे त्याला मजकूर पुन्हा न चाळता देता आली तर उत्तर ठाम आहे. "बहुतेक उपचाराचंही काहीतरी बघतील" असे तो म्हणाला, तर नकाराचे वाक्य कुठेतरी मऊ पडले आहे. वाचताना त्याच्या चेहऱ्यावर "हे जरा जास्तच झालं" असा भाव आला, तर एखादा "च" राहून गेला आहे.

मजकूर पाहता पाहता मूळ मसुद्याच्या दुप्पट झाला याची चिंता करू नये. लांबी वाढली ती तारखा, वेळ आणि पैशांची वाट सांगण्यात. सबबी सांगण्यात नव्हे. मात्र हेच प्रमाण प्रत्येक तक्रारीला लावायचे नाही. खोक्यात एखादा स्क्रू कमी निघाल्याच्या तक्रारीला माफीचे एक वाक्य आणि स्क्रू कधी पोहोचेल ते सांगणारे दुसरे, एवढे पुरे.

पाठवल्यानंतर बहुधा आणखी एक मेल येतो. आपल्या प्रकरणात बाई खुर्ची परत घेतल्याबद्दल समाधान व्यक्त करतील आणि उपचाराच्या पावत्या जोडून खर्च पुन्हा मागतील, अशी शक्यता बरीच आहे. या दुसऱ्या उत्तरात नवखा माणूस नवी कारणे शोधू लागतो, कारण जुनेच लिहिणे त्याला उद्धटपणाचे वाटते. नवे कारण म्हणजे नवा वाद. दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा लहान असावे, निर्णय त्याच शब्दांत असावा आणि सूर पहिल्याइतकाच शांत असावा: "आपण पाठवलेल्या पावत्या मिळाल्या. फिजिओथेरपीचा खर्च न देण्याचा आमचा निर्णय कायम आहे. आपल्याला पुढे दाद मागायची असल्यास तक्रार निवारण अधिकाऱ्यांचा पत्ता पुन्हा खाली देत आहे. खुर्ची गुरुवारी ठरल्याप्रमाणे नेली जाईल." पावत्यांतून खरोखरच काही नवे समोर आले, उदाहरणार्थ खुर्चीच्या बिघाडाचा उल्लेख असलेला डॉक्टरांचा कागद, तर मात्र हे उत्तर पाठवायचे नाही, तो कागद घेऊन पुन्हा वरिष्ठांकडे जायचे, आणि बाईंना एवढेच कळवायचे की कागद मिळाला, तो कोणाकडे दिला आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत उत्तर येईल.